टेंडरातले सत्तर आणि तीस

एका ग्रामीण पाणीपुरवठा योजनेचं टेंडर निघालं आहे, असं समजू. अंदाजपत्रकी किंमत ८ कोटी रुपये, मुदत दीड वर्ष. नदीकाठी जॅकवेल, तिथून वर टेकडीवर जाणारी ऊर्ध्ववाहिनी, जलशुद्धीकरण केंद्र, दोन उंच टाक्या, वाड्यावस्त्यांमधलं वितरणाचं जाळं, आणि या सगळ्यात पाणी खेळवणारे पंप, पॅनेल, ट्रान्सफॉर्मर. सांगलीकडच्या दोन छोट्या फर्मना हे काम हवं आहे. एक फर्म दोन भावांच्या भागीदारीतली. ती पाइपलाइन आणि टाक्यांची कामं करते. दुसरी एकट्या मालकाची, पंप आणि वीजकाम करणारी. सोयीसाठी एकाला पाइपवाले म्हणू, दुसऱ्याला पंपवाले. दोघेही काल्पनिक आहेत, पण त्यांच्या वाट्याला येणारे प्रश्न कुठल्याही तालुक्यात खरे आहेत.

दोघांपैकी कुणालाच हे टेंडर एकट्याने भरता येत नाही. पंपवाल्यांकडे टाकी बांधल्याचा दाखला नाही, पाइपवाल्यांकडे पंप बसवल्याचा नाही. शिवाय पाइपवाल्यांची दुसरी अडचण आहे, ती म्हणजे निविदा क्षमता. सरकारी बांधकाम टेंडरांत ही क्षमता एका सूत्राने काढतात. गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी वार्षिक उलाढाल घ्यायची, तिला कामाच्या मुदतीच्या वर्षांनी आणि पुन्हा दोनने गुणायचं, आणि हातात असलेल्या अपुऱ्या कामांची रक्कम वजा करायची. पाइपवाल्यांची उलाढाल ५ कोटी. दीड वर्षाने आणि दोनने गुणून १५ कोटी. हातात ९ कोटींची कामं आहेत, म्हणून उरली क्षमता ६ कोटी. टेंडर आहे ८ कोटींचं. पंपवाल्यांची उलाढाल २ कोटी, तिचे ६ कोटी होतात, हातातली २ कोटींची कामं गेली की उरतात ४. एकत्र आले तर १० कोटी होतात. टेंडरात जॉइंट व्हेंचरला परवानगी आहे. दोघं भेटतात, चहा होतो, आणि 'जेव्ही करू' असं ठरतं.

इथवरचं गणित बहुतेकांना तोंडपाठ असतं. पुढचं एक वाक्य मात्र घाईत लिहिलं जातं, आणि माझ्या मते नंतरच्या बहुतेक भांडणांचं मूळ त्या वाक्यात असतं.

अनेक टेंडरांची अट अशी असते की जेव्हीतल्या प्रत्येक सदस्याची क्षमता त्याच्या हिश्श्याइतकी तरी हवी. आता या योजनेत पाइप, टाक्या वगैरेचं काम आहे ६ कोटी ४० लाखांचं आणि पंप-विजेचं १ कोटी ६० लाखांचं. म्हणजे खरी वाटणी ऐंशी-वीस. पण ऐंशी टक्के लिहिले तर पाइपवाल्यांना ६ कोटी ४० लाखांची क्षमता दाखवावी लागते, आणि त्यांच्याकडे आहे ६ कोटी. मग कागदावर सत्तर-तीस लिहिलं जातं. आता पाइपवाल्यांना लागतात ५ कोटी ६० लाख, पंपवाल्यांना २ कोटी ४० लाख. दोघंही बसतात. स्टॅम्प पेपरवर एक ओळ टाइप होते की जेव्हीतील नफा, तोटा व जबाबदारी यांचं प्रमाण ७०:३० राहील. दोन सह्या, नोटरीचा शिक्का, आणि कागद पहिल्या लिफाफ्यात जातो.

ही सत्तर-तीसची ओळ विभागासाठी लिहिलेली आहे. पात्रता सिद्ध करणं हे तिचं काम, आणि ते ती करते. पण दोघा फर्ममध्ये तीन वेगवेगळे प्रश्न असतात. काम कोण किती करणार? पैसे कोणाला किती मिळणार? आणि काही बिघडलं तर नुकसान कोण किती सोसणार? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या आकड्यांत असू शकतात, किंबहुना असायला हवीत. एकाच टक्क्यात ती कोंबली की पहिल्या अडचणीला तो टक्का फाटतो.

आधी विभागाच्या बाजूने पाहू, कारण तिथे सत्तरही नाही आणि तीसही नाही.

जवळजवळ प्रत्येक सरकारी टेंडरात जेव्हीच्या सदस्यांकडून 'जॉइंट अँड सेव्हरल' जबाबदारी लिहून घेतात. कायद्याच्या मराठीत 'संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार'. याचा साधा अर्थ असा की विभाग संपूर्ण काम, संपूर्ण दंड, संपूर्ण नुकसानभरपाई दोघांपैकी कुणाही एकाकडून वसूल करू शकतो. पंपवाले परागंदा झाले तर पाइपवाल्यांनी पंप बसवून द्यायचे. टाकी गळली आणि पाइपवाले हात वर करून मोकळे झाले, तर पंपवाल्यांनी टाकी दुरुस्त करून द्यायची. 'माझा हिस्सा तीसच टक्के' हे उत्तर विभागापुढे चालत नाही. हे टेंडरात लिहिलं नसतं तरी फारसा फरक पडला नसता. भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम ४३ सांगतं की दोघांनी मिळून वचन दिलं असेल आणि उलट काही ठरलं नसेल, तर वचन घेणारा त्यांतल्या कुणाही एकाकडून पूर्ण वचन पाळून घेऊ शकतो. जेव्ही भागीदारी ठरली तर भागीदारी अधिनियम १९३२ चं कलम २५ हेच भागीदारांना लागू करतं.

याच कलम ४३ चा पुढचा भाग फारसा कुणी वाचत नाही. ज्याने जास्त भरलं तो दुसऱ्याकडून वाटा मागू शकतो, आणि करारातून वेगळा हेतू दिसत नसेल तर तो वाटा समसमान असतो. म्हणजे दोघांनी आपसात काहीच लिहिलं नसेल तर एक कोटी साठ लाखांचं काम करणारा आणि सहा कोटी चाळीस लाखांचं काम करणारा, दोघांवर निम्मानिम्मा भार. भागीदारी कायद्यातही वेगळा करार नसेल तर नफा-तोटा समान. आणि फक्त नफ्याचं प्रमाण लिहून तोट्याबद्दल मौन पाळलं, तर तोटाही सहसा त्याच प्रमाणात धरला जातो.

आणखी एक गोष्ट छोट्या फर्मना सांगावी लागते. पाइपवाल्यांची फर्म म्हणजे कायद्याच्या नजरेत दोन भाऊच. भागीदारी फर्म ही स्वतंत्र व्यक्ती नसल्यामुळे ती फर्म म्हणून दुसऱ्या भागीदारीत शिरू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्येच दुलीचंद लक्ष्मीनारायण या नागपूरच्या आयकर प्रकरणात सांगितलं आहे. म्हणून जेव्हीच्या करारावर एका भावाने फर्मचा शिक्का मारून भागत नाही. दोघांची सही हवी, किंवा दुसऱ्याचं स्पष्ट लेखी अधिकारपत्र. आणि सही करताना दोघांनी हे जाणून करावी की जबाबदारी फर्मच्या खात्यापाशी थांबत नाही, ती घरापर्यंत येते. पंपवाल्यांचं तर विचारायलाच नको; एकल मालकीत धंदा आणि माणूस वेगळे नसतातच. यावर कुणी सुचवतं की जेव्हीची एलएलपी करू, म्हणजे जबाबदारी मर्यादित होईल. एलएलपी करता येते, काही विभाग ती मागतातही. पण बहुधा ते सोबत सदस्यांकडूनही संपूर्ण जबाबदारीचं हमीपत्र घेतात. मग ढाल दाराबाहेरच राहते.

दुसऱ्या बाजूला एकत्र येण्याचा फायदाही कायद्याने मान्य केलेला आहे. हैदराबादच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या छापण्याच्या टेंडरात न्यू होरायझन्स या कंपनीला, अनुभव तिच्या स्वतःच्या नावावर नाही म्हणून डावललं होतं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संयुक्त उपक्रमाचा अनुभव पाहताना त्यात सामील झालेल्यांचा अनुभवही पाहायला हवा. आज दोन छोट्या फर्म आपापले दाखले जोडून एक टेंडर भरू शकतात, त्याचा आधार या विचारात आहे. अर्थात टेंडरची अटच वेगळी असेल, उदाहरणार्थ अनुभव लीड सदस्याचाच हवा, तर अट आधी वाचायची.

आता आतल्या बाजूला येऊ. पहिला प्रश्न पैशाचा, आणि तो टेंडर भरण्याआधीच उभा राहतो.

महाराष्ट्रातली बरीच कामं 'बी-१' प्रकारच्या टेंडरावर निघतात. त्यात प्रत्येक बाबीला वेगळा दर भरायचा नसतो. अंदाजपत्रकाच्या एकूण रकमेवर किती टक्के वर किंवा खाली, एवढाच आकडा द्यायचा. पाइपवाले अनुभवी आहेत, स्पर्धा ओळखून आहेत. ते म्हणतात, 'दहा टक्के बिलो टाकू.' पंपवाले मान डोलावतात. काम मिळतं, ७ कोटी २० लाखांना.

पण दहा टक्के सगळ्या बाबींवर सारखे कापले जातात. पाइपवाल्यांचा भाग ६ कोटी ४० लाखांवरून ५ कोटी ७६ लाखांवर आला. त्यांचा खरा खर्च ५ कोटी १० लाख, म्हणजे ६६ लाख उरतात. पंपवाल्यांचा भाग १ कोटी ६० लाखांवरून १ कोटी ४४ लाखांवर आला. त्यांचा खर्च आहे १ कोटी ५० लाख, कारण दरसूचीतले दर ठरल्यानंतर तांबं आणि पंप दोन्ही महागले. प्रत्येकाने आपल्या बाबींचं बिल घ्यायचं ठरवलं तर एकाला ६६ लाख नफा आणि दुसऱ्याला ६ लाख तोटा. पंपवाल्यांनी चूक काय केली? त्यांनी एकाच गोष्टीला उशीर केला. आपला आतला दर टेंडर भरण्याच्या आदल्या दिवशी लिहून घ्यायचा, तो घेतला नाही.

उपाय सोपा आहे. बाहेरचा टक्का काहीही लागो, आपसात प्रत्येक भागाची ठरलेली रक्कम लिहायची. समजा पंपवाल्यांच्या भागाची आतली किंमत १ कोटी ६२ लाख ठरली. मग त्यांना १२ लाख मिळतात. पाइपवाल्यांकडे ५ कोटी ५८ लाख राहतात, त्यांना ४८ लाख. एकूण ६० लाख तेच, पण आता दोघांनाही काम करण्यात रस आहे. या तक्त्याला करारात परिशिष्ट म्हणून जोडायचं, आणि त्याखाली एक वाक्य लिहायचं की यापेक्षा खाली दर टाकायचा असेल तर दोघांची लेखी संमती लागेल. हे टेंडर भरण्याआधीच व्हावं, कारण कार्यारंभ आदेश निघाल्यावर कुणीच मागे फिरू शकत नाही. तेव्हा बोलणी सुरू केली तर ज्याची गरज जास्त, तो वाकतो.

दुसरी पद्धत अशी की सगळा खर्च एका खात्यात, सगळी बिलं एका खात्यात, आणि शेवटी उरेल तो नफा सत्तर-तीस. ऐकायला ही न्याय्य वाटते. पण मग पाइपवाल्यांचा जुना जेसीबी कोणत्या भाड्याने लावला, पंपवाल्यांच्या फोरमनचा पगार या कामावर किती दिवस, याचा हिशेब रोज मांडावा लागतो. दोन छोट्या फर्मकडे तेवढी कारकुनी नसते. शिवाय आयकराच्या दृष्टीने असा उपक्रम दोघांहून वेगळा करदाता ठरण्याची शक्यता वाढते. मार्च २०१६ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मोठ्या बांधणी-पुरवठा कंत्राटांतल्या संयुक्त गटांबद्दल एक परिपत्रक काढलं. त्याचा आशय असा की प्रत्येक सदस्याचं काम स्पष्ट वेगळं असेल, माणसं आणि माल त्याच्याच ताब्यात व जोखमीवर असतील, प्रत्येकाला आपल्याच कामातून नफा किंवा तोटा होत असेल आणि एकत्र व्यवस्थापन केवळ समन्वयापुरतं असेल, तर त्या गटाला वेगळा करदाता धरू नये. करारात 'नफा-तोटा ७०:३०' एवढीच ओळ असेल तर ती या निकषांच्या उलट बोलते. म्हणून मसुदा वकिलाकडे जाण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटने वाचलेला बरा. जीएसटीचंही तसंच. विभाग बिल जेव्हीच्या नावाने मागत असेल तर जेव्हीची वेगळी नोंदणी, सदस्यांची बिलं जेव्हीला आणि जेव्हीचं बिल विभागाला. एखाद्या सदस्याने कर वेळेवर भरला नाही तर त्याच्या बिलावरचं क्रेडिट जेव्हीला अडतं. त्यासाठी कराची रक्कम विवरणपत्र भरल्याचं दिसल्यावरच सोडायची, असं कलम ठेवतात.

तिसरा आकडा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो नुकसानीचा.

काम सुरू होऊन सव्वा वर्ष झालं. पाइप पडले, टाक्या उभ्या राहिल्या. पंपवाल्यांनी पॅनेलची ऑर्डर उशिरा दिली आणि चाचणी मुदतीनंतर १० आठवड्यांनी झाली. करारात विलंबाचा दंड आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त दहा टक्के असा आहे. आणि अर्धा टक्का मोजायचा तो संपूर्ण कंत्राटाच्या किमतीवर, कारण पाणी न आल्यामुळे सगळीच योजना अडून राहिली. दहा आठवड्यांचे ५ टक्के, म्हणजे ३६ लाख.

हे ३६ लाख कोणी सोसायचे? काहीच लिहिलेलं नसेल तर १८-१८. म्हणजे वेळेत काम संपवलेल्या पाइपवाल्यांच्या खिशातून अठरा लाख. सत्तर-तीसची ओळ लागू केली तर त्याहून विचित्र चित्र दिसतं: पाइपवाल्यांवर २५ लाख २० हजार, आणि ज्यांच्यामुळे उशीर झाला त्या पंपवाल्यांवर १० लाख ८० हजार. आणि 'ज्याची चूक त्याने भरावी' असं लिहिलं असेल तर सगळे ३६ लाख पंपवाल्यांवर. हे न्यायाचं वाटतं, पण त्यांचा या कामातला सगळा नफा १२ लाख आहे. ३६ लाखांत ती फर्म बसते. आणि बसलेल्या फर्मकडून वसुली होत नाही. विभाग राहिलेली रक्कम पाइपवाल्यांच्याच बिलातून कापतो. कागदावर पूर्ण न्याय आणि हातात काही नाही.

म्हणून समंजस करारात दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर चूक ज्याची, भार त्याचा, पण एका ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत. ही रक्कम त्याच्या कामाच्या किमतीच्या काही टक्के अशी ठरवतात. पंपवाल्यांसाठी समजा २४ लाख. त्यावरचे १२ लाख दुसऱ्या पायरीवर, दोघांनी सत्तर-तीसने: ८ लाख ४० हजार आणि ३ लाख ६० हजार. पंपवाल्यांवर एकूण २७ लाख ६० हजार, पाइपवाल्यांवर ८ लाख ४० हजार. पंपवाल्यांना हे जड जाईल, पण ते उभे राहतील. आणि पाइपवाल्यांनी सोसलेले आठ लाख हा अशा जोडीदाराबरोबर काम घेण्याचा खर्च आहे, तो त्यांनी आधीच हिशेबात धरला पाहिजे. मुद्दाम केलेली फसवणूक किंवा काम सोडून जाणं यांना मात्र कमाल मर्यादा नसावी.

चूक कोणाची हे ठरवायचं कसं? इथे करारापेक्षा साइटवरचा कागद मोठा. पॅनेल उशिरा आलं हे खरं, पण पंपघराचा स्लॅबच दोन महिने उशिरा पडला असेल तर? म्हणून दोघांच्या कामाचे सांधे तारखांनिशी लिहावे लागतात. पंपघर छतासह अमुक तारखेला ताब्यात, पायाचे बोल्ट बसवायचा नकाशा पंपवाल्यांनी त्याच्या तीस दिवस आधी द्यायचा, वाहिनीची दाबचाचणी झाल्याशिवाय पंप चालवायचा नाही. ताबा देताना एक पानाची नोंद, दोघांच्या सह्या. कामांची यादी सगळेच जोडतात. सांधे फार थोडे लोक लिहितात, आणि योजना रखडते ती सहसा सांध्यावरच.

आता पैसा प्रत्यक्ष कुठून कापला जातो ते पाहा. पाइप खंदकात पडला, मोजमाप पुस्तकात नोंद झाली की बिल निघतं. पाइपवाल्यांचे पैसे सुरुवातीपासून येत राहतात. पंपवाल्यांची मोठी बिलं शेवटी असतात, काही भाग तर चाचणी झाल्यावरच. विभाग दंड शेवटच्या बिलांतून कापतो. त्यामुळे टाकी गळाली म्हणून कपात झाली तरी ती पंपवाल्यांच्या पैशातून होते, आणि तोवर पाइपवाल्यांनी आपले पैसे घेऊन दुसरं काम धरलेलं असतं. यावर उतारा म्हणजे आपसातली राखीव रक्कम. प्रत्येक बिलातून, कुणाचंही असो, ३ टक्के संयुक्त खात्यात अडकवून ठेवायचे. या कामात ते २१ लाख ६० हजार होतात. विभाग आपली सुरक्षा ठेव कापतोच, त्यावर हे आणखी म्हणजे हात आखडतो, हे मान्य. पण हाच एक पैसा असा आहे जो भांडणाच्या दिवशी दोघांच्याही एकट्याच्या ताब्यात नसतो.

संयुक्त खातं दोघांच्या सह्यांनी चालावं, हे आता बहुतेक करारांत असतं. पण दोन सह्या म्हणजे दोन नकाराधिकार. एकजण रुसला की दुसऱ्याच्या मजुरांचा पगार थांबतो. म्हणून बँकेला सुरुवातीलाच दोघांनी मिळून कायमची सूचना द्यावी की बिल जमा झालं की परिशिष्टातल्या तक्त्याप्रमाणे तीन दिवसांत रक्कम दोघांच्या खात्यात जाईल, राखीव तेवढी मागे राहील, आणि ही सूचना एकट्याला बदलता येणार नाही.

बँक गॅरंटीचा विषय याहून नाजूक आहे. कामाच्या ५ टक्के, म्हणजे ३६ लाखांची गॅरंटी द्यायची आहे. पाइपवाल्यांची बँकेतली मर्यादा आधीच्या कामांनी भरलेली, म्हणून पंपवाले म्हणतात, 'माझ्या लिमिटमधून देतो.' ही मैत्रीची कृती आहे, आणि सर्वांत धोक्याचीही. विभागाने गॅरंटी वटवायला टाकली की बँक कोणाची चूक हे विचारत नाही. पैसे देते आणि पंपवाल्यांच्या मुदतठेवीवर व तारणावर हात ठेवते. बावीस टक्क्यांचं काम करणारा माणूस शंभर टक्के गॅरंटीवर बसलेला असतो. गॅरंटी प्रत्येकाने आपल्या हिश्श्याची स्वतंत्र द्यावी, विभाग मान्य करत असेल तर. नसेल तर दुसऱ्याने तेवढ्या रकमेची मुदतठेव संयुक्त नावाने ठेवावी, आणि गॅरंटीचं कमिशन हिश्श्याने वाटून घ्यावं. दर फार खाली गेला तर विभाग अतिरिक्त सुरक्षा ठेव मागतो. तीही याच नियमात धरावी.

लीड सदस्याबद्दल थोडं. विभागाला पत्रव्यवहारासाठी एकच तोंड हवं असतं, म्हणून पंपवाले पाइपवाल्यांना मुखत्यारपत्र देतात. छापील नमुन्यात त्यात 'सर्व अधिकार' असतात. नमुना बदलता येत नसेल तर आतल्या करारात मर्यादा घालायच्या. जादा बाबींचा दर मान्य करणं, मुदतवाढ दंडासह स्वीकारणं, आणि अंतिम बिलावर 'कोणतीही मागणी शिल्लक नाही' असं लिहून देणं या तीन गोष्टी दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय नाहीत. शेवटची तर फारच जपण्यासारखी. एका सहीने दोघांचीही दाव्याची वाट अडू शकते. आणि विभागाचं प्रत्येक पत्र तीन दिवसांत दुसऱ्याच्या हाती पडावं. नोटीस मिळालीच नव्हती, हे सांगणारे जोडीदार मी पाहिले आहेत, आणि ते खरं सांगत होते.

एक प्रकार मला मनापासून खटकतो, तो नावापुरत्या जेव्हीचा. एखाद्या फर्मकडे मोठ्या कामाचा दाखला असतो, काम करायची इच्छा नसते. ती दोन टक्क्यांवर दाखला वापरू देते आणि आपसात लिहून घेते की सर्व काम व जबाबदारी दुसऱ्याची. आपल्या उदाहरणात दोन टक्के म्हणजे १४ लाख ४० हजार. त्या बदल्यात तिने ७ कोटी २० लाखांच्या संपूर्ण कामाची हमी विभागाला दिलेली असते. काम फसलं तर आतला कागद विभागाला बांधत नाही, आणि काळ्या यादीत दोन्ही नावं जातात. काळ्या यादीची भरपाई कुठल्याही कलमाने होत नाही. पुढची तीन-चार वर्षं टेंडरच भरता येत नाही. ज्या साइटवर आपला एकही माणूस नाही, त्या साइटसाठी कुणी सही करू नये, असं मला कळकळीने वाटतं.

जोडीदार मध्येच थांबला तर काय, हेही आधीच लिहावं लागतं. एकल मालकीत मालक आजारी पडला किंवा गेला तर फर्मच थांबते. विभागाच्या परवानगीशिवाय सदस्य बदलता येत नाही, म्हणून राहिलेल्याने काम हातात घेण्याचा हक्क करारात असावा: पंधरा दिवसांची नोटीस, दोघांसमोर किंवा तटस्थ अभियंत्यासमोर झालेल्या कामाची मोजणी, साइटवरचा माल वापरण्याची मुभा, आणि उरलेल्या कामाला आतल्या किमतीपेक्षा जास्त खर्च झाला तर तो फरक थांबलेल्याच्या राखीव रकमेतून. मोजणी आधी झाली नाही तर पुढे लवादापुढे फक्त आठवणी उरतात. विभागाने गेलेल्याला मोकळं केलं तरी राहिलेला सुटत नाही, हे करार अधिनियमाचं कलम ४४ स्पष्ट सांगतं. त्याच कलमाप्रमाणे मोकळा झालेलाही आपल्या जोडीदाराला उत्तरदायी राहतो.

काम पूर्ण झाल्याचा दाखला येतो तेव्हा सत्तर-तीस पुन्हा एकदा डोकं वर काढतं. पुढच्या टेंडरात बरेच विभाग जेव्हीतला अनुभव हिश्श्याच्या प्रमाणातच धरतात. पाइपवाल्यांनी प्रत्यक्षात साडेपाच कोटींहून जास्त काम केलं, पण सत्तर टक्क्यांनी त्यांच्या नावावर ५ कोटी ४ लाखच लागतात. क्षमतेसाठी जुळवलेला आकडा इथे पन्नासेक लाखांचा अनुभव खातो. म्हणून दाखला मागतानाच कोणत्या सदस्याने कोणती बाब केली, टाकी किती लिटरची, वाहिनी किती मीटरची, पंप किती अश्वशक्तीचे, हे त्यात नोंदवून घ्यावं. लीड सदस्याने तो मागायचा आणि मूळ प्रतीची साक्षांकित नक्कल दुसऱ्याला द्यायची, असं करारात असावं.

त्यानंतरही जेव्ही संपत नाही. दोषदायित्व कालावधी चालू असतो, गॅरंटी बँकेत पडून असते, कापलेल्या आयकराचा परतावा जेव्हीच्या पॅनवर यायचा असतो. या काळात टाकीला ओल दिसली तर पाइपवाल्यांनी जायचं, पंपाचं बेअरिंग गेलं तर पंपवाल्यांनी, आणि सात दिवसांत कुणी गेलं नाही तर दुसऱ्याने करून घेऊन राखीव रकमेतून खर्च काढायचा. खातं बंद करायचा दिवस तो, ज्या दिवशी मूळ गॅरंटी विभागाकडून परत येऊन बँकेत रद्द होते. तोवर ते २१ लाख ६० हजार जिथे आहेत तिथेच राहू द्यावेत.